रजेच्या दिवसाचा कागद

रजेचा अर्ज लिहायला दोन ओळी पुरतात. घरगुती कारणास्तव एक दिवसाची किरकोळ रजा मंजूर व्हावी, आपली विश्वासू, खाली सही. वेळ लागतो तो दुसऱ्या कागदाला, उद्या माझी दुसरी सांभाळणाऱ्या तिसरीच्या सरांसाठी लिहायच्या कागदाला. जिल्हा परिषदेच्या शाळेत बदली शिक्षक बहुधा शेजारच्या वर्गातूनच येतात, तेही आपला वर्ग सोबत घेऊन. म्हणून सगळ्यात वर एवढंच लिहिते : एका वर्गाला तोंडी काम असेल तेव्हा दुसऱ्याला लेखी द्यावं. दोन्हीकडे एकाच वेळी पाढे सुरू झाले, तर शाळेला यात्रेची कळा येते. आमच्या लहानपणी असा कागद नव्हता. गुरुजी रजेवर गेले की शेजारचे गुरुजी दारातूनच 'हाताची घडी, तोंडावर बोट' म्हणत, आणि दिवसभराचं नियोजन तेवढ्यात पार पडे. त्या काळी स्वतःच्या बोटाची चव आम्हाला चांगलीच ठाऊक झाली होती.

परिपाठानंतर लगेच हजेरी, हे मी अधोरेखित करते. यात शिस्तीपेक्षा खिचडीचा संबंध जास्त. प्राथमिकच्या मुलामागे 100 ग्रॅम तांदूळ काढायचे, तर स्वयंपाकाच्या ताईंना सकाळीच आकडा हवा. तो उशिरा गेला की जेवण लांबतं, आणि भुकेल्या दुसरीपुढे कोणतीही शिक्षणपद्धती टिकत नाही. फळ्यावर वार, दिनांक आणि पट लिहिण्याचा मान रोज एकाला मिळतो. उद्या तो कुणाचा, हे सरांनी वर्गालाच विचारावं. हे विसरलं तर मागून एक बारीक आवाज नक्की येईल, 'आमच्या बाई असं नाही करत.' त्या वाक्यात तक्रार कमी आणि माहिती जास्त असते, हेही कंसात लिहिते.

मग बैठक, आणि इथे माझी लेखणी रेंगाळते. बस्करपट्ट्या तीन बाजूंनी मांडलेल्या आहेत, म्हणजे दोन वर्गांमधल्या दारात उभं राहिलं तरी सगळे चेहरे दिसतात. खिडकीजवळच्या पट्टीच्या डाव्या टोकाला जो बसतो तो डावखुरा आहे. त्याला मधे सरकवलं की त्याचं कोपर शेजारच्याच्या उजव्या कोपराला लागतं, दोन्ही वह्यांत रेघा उमटतात, आणि भांडण कुणी सुरू केलं याचा निवाडा ब्रह्मदेवालाही करता येत नाही. पुढे बसलेल्या मुलीचा चष्मा घरीच राहतो, तिला मागे पाठवू नये. कोपऱ्यातला एकजण उभं केलं की गप्प होतो, पण जवळ बसून विचारलं की सगळं सांगतो. इतकं लिहून झाल्यावर लक्षात येतं की पान भरलं, आणि मराठी-गणिताचं अजून नावही नाही.

नवा धडा नको, हे तर उघड आहे. अर्धवट समजलेला धडा परत शिकवणं कोऱ्या धड्याहून कठीण. त्यापेक्षा चिंचोके बरे. चौघांच्या गटात मूठभर द्यायचे, आधी अंदाज पाटीवर लिहायचा, मग दहा-दहाचे ढीग करायचे. सदतीस निघाले तर तीन ढीग आणि सात सुटे : तीन दशक, सात एकक. वेळापत्रकात याला पाऊण तास दिलेला असला, तरी दुसरी हे पाव तासात उरकते. म्हणून पुढची पायरी आधीच लिहून ठेवते : शेजारच्या गटापेक्षा किती कमी, किती जास्त, ते मांडून दाखवा. काम कुठे अडलंय हे कचऱ्याच्या डब्याजवळ कळतं. पेन्सिलीला टोक करायला तिथे रांग लागली की वह्या पाहाव्यात. भरलेल्या असतील तर काम संपलंय, कोऱ्या असतील तर ते जड गेलंय. चिंचोके मोजूनच परत घ्यावेत, खिसे खोल असतात.

जेवणानंतर सरांनी गोष्ट अर्ध्यावर सोडावी आणि शेवट मुलांनी चित्रात काढावा. त्या वेळी डोळे जड झालेले असतात, त्यामुळे पुष्कळशा गोष्टींतला राजा शेवटी झोपतोच. सुटण्याआधी दहा मिनिटं दप्तरं भरण्यासाठी, आणि पानाच्या तळाशी दोन रिकाम्या ओळी सरांसाठी : काय झालं, काय राहिलं.

माझ्यावाचून वर्ग चालावा म्हणून हा खटाटोप, आणि तो खरंच चालला तर मनाला किंचित लागतं, हेही खरं. तरी कागद लिहावाच, एका पानात मावेल एवढाच. तुम्हीही रजा टाकाल तेव्हा कोणता धडा घ्यायचा हे शेवटी लिहा. कोण कुठे बसतं, आणि का, ते आधी.