अंतर्धान पावलेल्या पुल रिक्वेस्टकर्त्यास

महोदय,

आपली पुल रिक्वेस्ट आली तेव्हा आम्ही मेंटेनर मंडळी हरखून गेलो होतो. सीएसव्ही फाइल आयात करताना `03/04/2024` म्हणजे तीन एप्रिल न होता चार मार्च व्हायचा आणि कुठे एररही यायची नाही. या भानगडीला कोणी हात लावत नव्हते. आपण ती एका ओळीत निकालात काढलीत:

```python
parse(value, dayfirst=True)
```

वर टेस्टही जोडलीत. रिव्ह्यूत आम्ही एकच शंका काढली आणि आपण जे मौनव्रत धरलेत ते अजून सुटलेले नाही.

शंका अशी, की आपल्या टेस्टमधली तारीख `25/12/2024` आहे. पंचविसावा महिना नसतो हे `dateutil` लाही ठाऊक असते, म्हणून ते निमूटपणे पंचवीस डिसेंबरच धरते. आपली दुरुस्ती काढून टाकली तरी ही टेस्ट हिरवीच! तिथे `03/04/2024` घाला आणि दुरुस्तीशिवाय ती लाल होते का बघा, एवढेच आमचे म्हणणे. त्यावर लाल खुणेसह ‘Changes requested’ असे उमटले ते गिटहबचे वळण. आमचा सूर इतका चढा नव्हता.

मग ‘काही अपडेट?’ असे विचारायचा मोह झाला. पण त्यातून उशीर झाल्याचे तेवढे कळते, करायचे काय ते कळत नाही. बॉटवर सोपवले असते तर त्याने `stale` चे लेबल डकवून, यथावकाश आपल्याला बाहेरचा रस्ता दाखवला असता. म्हणून शेवटी आम्ही लिहिले:

“दुरुस्ती बरोबर आहे आणि आम्हाला हवी आहे. फक्त टेस्टमधली तारीख बदलायची राहिली आहे. मधल्या काळात `main` पुढे गेल्यामुळे कॉन्फ्लिक्ट आला आहे, तो आम्ही सोडवतो. सवड नसेल तर निःसंकोच सांगा. पुढच्या शुक्रवारपर्यंत काही कळले नाही, तर उरलेले आम्ही पुरे करू. श्रेय तुमचेच राहील.”

श्रेयाची बात पोकळ नाही. पुल रिक्वेस्ट उघडताना मेंटेनरला बदल करू देणारी खूण आपण तशीच ठेवली आहे, त्यामुळे आमचा कमिट आपल्याच शाखेवर, आपल्या कमिटनंतर चढेल. ती खूण नसती, तर `cherry-pick` केले असते. त्यातही लेखक म्हणून आपलेच नाव टिकते.

तरीही आपण बोललात तर बरे. कारण हा बग दुरुस्त करायला येणारा प्रत्येक जण आपली उघडी पुल रिक्वेस्ट पाहतो, ‘कोणीतरी करतंय’ म्हणतो आणि आल्या पावली परत जातो. ‘मला जमणार नाही’ हे आपले तीन शब्दही आम्ही आनंदाने मर्ज करू.

आपला,
एक चिवट मेंटेनर