लूपराव

आमच्या हिंजवडीच्या ऑफिसात विक्रीची बाजू सांभाळणारे एक गृहस्थ आहेत. गिऱ्हाइकाने जरा अवघड काही विचारलं, की त्यांची बोटं आपोआप ‘लूपिंग इन’ टाइप करू लागतात, म्हणून आम्ही त्यांना लूपराव म्हणतो. लूपमध्ये येणारा माणूस बहुतेक वेळा मीच असतो.

लग्न जमवणारे मध्यस्थ निदान मुलाला सांगून तरी मुलगी बघायला नेतात. लूपराव तेवढंही करत नाहीत. परवा मी दातांच्या डॉक्टरकडे आ वासून बसलो होतो, तेवढ्यात फोन थरथरला: ‘ग्रेट क्वेश्चन सर! आमचे एक्स्पर्ट सीसीत आहेत, तेच सांगतील.’ काय सांगतील, त्याचा पत्ता नाही. खाली 23 मेलांची उतरंड. ती उपसताना तळाशी कुठेतरी खरा प्रश्न सापडला. इचलकरंजीचे एक कापड कारखानदार विचारत होते, की टॅलीतला मालसाठा रोज रात्री आपोआप तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये येईल का?

त्याच्या बरंच वर आमच्या साहेबांची ओळ होती: ‘पार्टी चिकट आहे. 12 टक्क्यांपर्यंत सोड.’

झालं होतं असं, की लूपरावांनी मूळ मेल साहेबांना पुढे पाठवला होता. साहेबांचं उत्तर आलं, तेव्हा त्याच उत्तराला उत्तर देताना त्यांनी माझा आणि गिऱ्हाइकाचा पत्ता टाकला. घरातली कुजबुज पाहुण्यांच्या ताटात!

याच कामात आमच्या वरच्या मजल्यावरच्या मॅडम बघा. आधी फोन करतात: ‘उद्या दुपारपर्यंत उत्तर देशील ना?’ मी हो म्हटलं, की गिऱ्हाइकाच्या शेवटच्या मेललाच उत्तर देतात आणि माझं नाव सीसीत नाही, ‘टू’मध्ये घालतात, कारण सीसीतल्या माणसाला आपण नुसते वऱ्हाडी आहोत असं वाटतं. मजकूर चार ओळींचा असतो. हे कोण, यांनाच का आणलं, तुमचा प्रश्न असा होता, उत्तर उद्या दुपारी. मला खालचं काही वाचावं लागत नाही. दराचं बोलणं मात्र त्यांच्याकडेच राहतं, म्हणून त्या सीसीत थांबतात.

मी दात सांभाळत संध्याकाळी टॅलीचं उत्तर लिहायला घेतलं, पण आधी साहेबांच्या ओळीचं काय करायचं, हे लूपरावांना विचारावं म्हटलं. ते देवगडला, फोन बंद. मी थांबलो. चार दिवस गिऱ्हाईकही गप्प. गेलं हातचं, असं धरून चाललो होतो. पाचव्या दिवशी लूपराव परतले, तेव्हा कळलं की कारखानदारांनी पहिल्याच दिवशी उत्तर दिलं होतं. फक्त ‘रिप्लाय ऑल’ न दाबता नुसतं ‘रिप्लाय’ दाबल्यामुळे ते एकट्या लूपरावांना गेलं होतं.

‘12 टक्के मान्य. आता टॅलीचं सांगा.’

लूपरावांनी ताबडतोब साहेबांना लूपमध्ये घेतलं.