पिप्याचा हिशेब

नागपुरात विद्यार्थ्यांची मेस चालवणारा भाऊ गर्दीतही ओळखू येतो. गाडीच्या हँडलला पिशव्या, खिशात कॅल्क्युलेटर, आणि भाव कितीही सांगा, तोंडातून पहिला शब्द एकच: ‘बाप्पा!’

इतवारीत तेल घ्यायला गेला की आधी दोन दुकानांचे भाव चिठ्ठीवर लिहून घेतो. समजा, एकाकडे पिपा 2,100 ला, दुसऱ्याकडे 1,980 ला. आपण दुसरा उचलून मोकळे होऊ. भाऊ पिपाच फिरवून बारीक अक्षरं वाचतो. ‘शेठ, हा किलोचा का लिटरचा?’

शेठ खोकतो. पहिला 15 किलोचा, दुसरा 15 लिटरचा. लिटरभर तेल भरतं सुमारे 910 ग्रॅम, म्हणजे दुसऱ्यात तेल साडेतेरा किलोच्या जरा वर. पहिलं पडलं 140 रुपये किलो, स्वस्तवालं 145. ‘स्वस्त पिपा महाग हाय न शेठ,’ असं भाऊ इतक्या मायेनं म्हणतो की शेठलाच अपराधी वाटावं.

मग उधारी. 2,100 महिन्याभराच्या उधारीचा भाव, नगदी 2,070. तीस रुपये किरकोळ वाटतात, पण महिन्याला जवळजवळ दीड टक्का झाला, वर्षाला सतराच्या वर. भाऊकडे मुलांचे पैसे 10 तारखेपर्यंत येतात. तो महिना मागतच नाही. ‘12 तारखेला देतो, भाव नगदीचा लावा. चुकलो तर महिन्याचा घ्या.’ शेठ मान हलवतो, कारण चुकवायची सवय भाऊला नाही, आणि हे दोघांनाही ठाऊक असतं.

भाजी मात्र तो कळमन्यात पहाटे नगदीच घेतो. उधारवाल्याच्या वाट्याला खालचा माल येतो, हे त्याचं शास्त्र. टमाटरचं 25 किलोचं कॅरेट एकाकडे 500, दुसऱ्याकडे 540. भाऊ बाही सरसावून हात थेट तळाशी घालतो. वरचा थर तर नवरदेवासारखा सजलेलाच असतो. पाचशेवाल्यात चार किलो फुटका निघतो, दुसऱ्यात किलोभर. उरल्या मालावर मांडलं तर पहिला पावणेचोवीसच्या वर, दुसरा साडेबावीस. भाऊ चाळीस रुपये जास्त मोजून, लुटून आणल्याच्या थाटात घरी येतो.

परवा मेसमधलं एक पोरगं म्हणालं, ‘भाऊ, कोपऱ्यावरची मेस दोनशेनं स्वस्त आहे.’

‘रविवारची रात्र बंद असन तिथं.’

‘चालू असते.’

‘पोळ्या मोजून देत असन.’

‘नाही, पोटभर.’

‘पैसे आगाऊ?’

‘15 तारखेपर्यंत चालतात.’

भाऊनं कॅल्क्युलेटर काढला, दोन आकडे दाबले, पुसले. मग आवाज खाली घेऊन विचारलं, ‘तेल कोणाकडून घेऊन राहिला रे तो?’