ज्ञानेश्वरांचा एक A

एका बाजूला देहू, दुसऱ्या बाजूला आळंदी आणि मध्ये कारखानेच कारखाने. त्यामुळे भोसरीपासून चाकणपर्यंत कोणत्याही शॉपमध्ये ‘माऊली’ अशी हाक मारली की दोन-तीन मशिनं तरी थांबतात. तुकारामांचं बरं असतं, त्यांचं स्पेलिंग सहसा कोणी चुकवत नाही. ज्ञानेश्वरांचं मात्र प्रत्येक टाइम ऑफिसात नव्याने बारसं होतं. आळंदीला नाव एकच. पीएफच्या दप्तरी DNYANESHWAR, DNYNESHWAR आणि GYANESHWAR हे तीन वेगवेगळे गृहस्थ.

आमच्या कॉलनीतल्या अशाच एका माऊलीसाठी मी पीएफ ऑफिसला पत्र लिहायला बसलो. त्यांचं खरं नाव सांगत नाही; नमुन्यादाखल ज्ञानेश्वर पांडुरंग शिंदे म्हणू. २०११ साली ते भोसरीच्या एका प्रेस शॉपमध्ये लागले. तिथल्या क्लार्कने मस्टरवर लिहिलं SHINDE DNYNESHWAR P. आडनाव पुढे, वडील एका अक्षरात आणि मधला एक A गायब. २०१४ मध्ये यूएएन आले, तेव्हा मस्टरवरचं हेच नाव त्याला चिकटलं. २०१९ मध्ये ते चाकणला गेले. तिथे आधार कार्डावरून DNYANESHWAR PANDURANG SHINDE अशी नोंद झाली. जुना नंबर काही जुळेना, म्हणून नवा यूएएन निघाला. माणूस एक, यूएएन दोन.

“राहू द्या हो, व्याज तर पडतंय ना?” माऊली म्हणाले. व्याजाची नव्हे, पेन्शनची गोष्ट होती. पीएफच्या पेन्शनला दहा वर्षांची नोकरी लागते. भोसरीची आठ झाली होती, चाकणची सहा. जोडली तर चौदा. वेगवेगळी ठेवली तर दोन्हीकडे नापास. एका A ला एवढं वजन असतं.

पत्राचा पहिला मसुदा त्यांनीच आणला होता. त्यात आईचं हरिपाठाचं वेड होतं, नाव ठेवण्यामागची कथा होती, प्रेस शॉपमध्ये केलेल्या नाइट शिफ्ट होत्या आणि शेवटी ‘आपला आज्ञाधारक’ होतं. मेंबर आयडी मात्र कुठेच नव्हता. वाचताना माझे डोळे भरून आले असते, पण टेबलापलीकडच्या माणसाने त्या पत्राचं करायचं काय? तुम्ही कोण आहात, हा त्याचा प्रश्नच नसतो. दोन नोंदी एकाच माणसाच्या आहेत हे कशावरून, एवढंच त्याला हवं असतं.

म्हणून नव्या पत्रात हरिपाठ वगळला आणि एक तक्ता घातला. एका रकान्यात ‘नोंदीत असलेलं’, दुसऱ्यात ‘आधारप्रमाणे हवं असलेलं’, तिसऱ्यात ‘पुरावा’. वर दोन्ही यूएएन आणि दोन्ही मेंबर आयडी, PUPUN पासून सुरू होणारे पूर्ण बावीस अक्षर-अंक. सोबत आधार, पॅन, नेमणुकीचं पत्र आणि जुनी पगारपत्रकं. मागणी मात्र एकच: नाव दुरुस्ती. माऊलींना त्याच पत्रात पैसेही हलवून हवे होते. पण नाव जुळल्याशिवाय ट्रान्सफरचा अर्ज पुढे सरकत नाही. मग तो नामंजूर होतो आणि आपण ऑफिसला दोष देत बसतो. आधी नाव, मग ट्रान्सफर.

१ ऑक्टोबर २०१७ नंतर निघालेला यूएएन आधारशी पडताळलेला असेल, तर २०२५ पासून नाव पोर्टलवर घरबसल्या सुधारता येतं. माऊलींचा जुना यूएएन त्याआधीचा, त्याला आधारही जोडलेलं नाही. तेव्हा कागदी जॉइंट डिक्लरेशन आलं, आणि त्यावर जुन्या मालकाची सही. सोडल्याची तारीखही जुन्या कंपनीने भरली नव्हती, तीही त्याच फॉर्मवर घातली. ती चाकणला रुजू झाल्याच्या तारखेआधीचीच आहे ना, हे आम्ही दोनदा पाहिलं. एकच माणूस एकाच दिवशी भोसरीतही हजर आणि चाकणमध्येही हजर, असा चमत्कार आळंदीत खपेल. पीएफला तो चालत नाही.

“आणि प्रेस शॉप बंद पडलं असतं तर?” त्यांनी विचारलं. मग राजपत्रित अधिकारी, पोस्टमास्तर, सरपंच किंवा आपलं खातं असलेल्या बँकेचा मॅनेजर, यांच्यापैकी कोणाची तरी सही चालते. मालक नाहीसा झाला तरी गावाने ओळखलं तर पुरतं, ही तरतूद मला फार आवडली.

नाव सुधारलं, ट्रान्सफर झाली आणि माऊली घाबरेघुबरे होऊन पासबुक घेऊन आले. जुनी रक्कम आली होती, पण पेन्शनच्या रकान्यात शून्य! ते तक्रारीचं पत्र लिहायला बसणार, तेवढ्यात मी त्यांचा हात धरला. पेन्शनचा पैसा सगळ्यांच्या सामाईक निधीत असतो, तो खात्याबरोबर हलत नाही. हलतो तो सेवाकाळ, आणि तो दिसतो ‘अनेक्श्चर के’ नावाच्या कागदावर. तो मागवला. आठ वर्षं नीट पोचलेली होती.