‘बघू पुढच्या वर्षी’ आता पुरे

दुकानातला माणूस वर्षभर राबतो. दिवाळीला त्याला मिठाईचा पुडा आणि एक पाकीट मिळतं. पगार तोच राहतो. त्याने विचारलंच, तर उत्तर तयार असतं, ‘अरे, तू घरचाच आहेस.’

घरच्या माणसाचं किराणा बिल कोण भरतं?

पाकीट म्हणजे पगारवाढ नव्हे. पाकीट एकदा येतं, आणि दूध, गॅस, मुलांची एसटी दर महिन्याला येते. म्हणून वर्षातून एकदा मालकाने आणि कामगाराने समोरासमोर बसायला हवं. शेवटी कागदावर दोन गोष्टी हव्यात, वाढ किती आणि पुढच्या वर्षी काय करायचं.

हातखंब्याच्या तिठ्यावरचं एखादं किराणा दुकान डोळ्यांसमोर आणा. एका बाजूला मुंबई-गोवा महामार्ग, दुसरीकडे रत्नागिरीचा रस्ता. मे महिन्यात चाकरमानी आणि आंब्याच्या गाड्या, गणपतीत तर श्वास घ्यायला फुरसत नाही. या दिवसांत बोलायला बसणं शक्यच नाही. दिवाळीत बसलात तर बोनस आणि वाढ यांची खिचडी होते.

मग कधी? जूनच्या शेवटी. पावसाने गिऱ्हाईक कमी होतं, दुपारी दोन ते चार दुकान शांत असतं. आणखी एक कारण आहे. दुकानांसाठीच्या किमान वेतनातला विशेष भत्ता राज्यात दर सहा महिन्यांनी, जानेवारी आणि जुलैपासून बदलतो. वाढ १ जुलैपासून ठरवली की दोन्ही हिशेब एकत्र लागतात.

‘माझ्याकडे एकच माणूस आहे, मला कसलं किमान वेतन?’ एक असला तरी लागू आहे. चालू दर रत्नागिरीच्या कामगार कार्यालयात विचारा. त्याच्या खाली असाल तर आधी तेवढं द्या. त्याला वाढ म्हणायचं नाही, ती थकबाकी.

चार दिवस आधी त्याला सांगा, म्हणजे तोही विचार करून येईल. गल्ल्यासमोर, गिऱ्हाईक ऐकत असताना बोलू नका. मालक खुर्चीत आणि तो उभा, असं तर नकोच. दोघंही बसा.

आणि आधी त्याला बोलू द्या. इथेच बहुतेक मालक घसरतात. पहिली पाच मिनिटं स्वतःच्या खर्चाचं रडगाणं गातात, मग विचारतात, ‘तुला काही सांगायचंय का?’ तो काय सांगणार? ‘नाही शेठ.’

तसं उत्तर आलं, तर बोलणं झालेलंच नाही.

प्रश्न नेमका विचारा. ‘कुठल्या कामात सगळ्यात जास्त वेळ फुकट जातो?’ मग उत्तर येतं, ‘शेठ, माल उतरवायला टेम्पो नेमका सकाळच्या गर्दीत येतो. त्यात गिऱ्हाईक परत जातं.’ टेम्पोची वेळ बदलणं मालकाच्या हातात आहे. ते वर्षभर का झालं नाही? कुणी विचारलंच नव्हतं.

नंतर तुमची पाळी. ‘तुझं लक्ष नसतं’ हे काही सांगणं नव्हे. कधी, कुठे, काय झालं ते सांगा. त्यासाठी उधारीच्या वहीच्या शेवटच्या पानावर वर्षभर दोन-दोन ओळी लिहा. नाहीतर परवा फुटलेली तेलाची पिशवी तेवढी आठवते, आणि गणपतीच्या गर्दीत त्याने एकट्याने सांभाळलेलं दुकान विसरलं जातं.

आता उद्दिष्टं. मालकांचं लाडकं उद्दिष्ट एकच, ‘विक्री वाढव.’

कशी वाढवणार तो? चौपदरीकरणात रस्त्याचं वळण आज इकडे, उद्या तिकडे. गाड्या थांबणं त्याच्या हातात आहे का? पाऊस आहे का? जे त्याच्या हातात आहे, तेवढंच मागा.

मुदत संपलेला माल घ्या. समजा कंपनी परत घेत नाही असा ३,००० रुपयांचा माल दर महिन्याला फेकला जातो. बिस्किटं, मसाले, फरसाण. कारण नवा माल पुढे लावला जातो आणि जुना मागे कुजतो. उद्दिष्ट असं लिहा, ‘आधी आलेला माल पुढे. दर सोमवारी फळी तपासायची. महिन्याभरात मुदत संपणारं सगळं वेगळ्या टोपलीत, मालकाला दाखवून. डिसेंबरपर्यंत नुकसान महिन्याला १,५०० च्या आत.’ यात काम आहे, वार आहे, आकडा आहे, मुदत आहे.

दुसरं उद्दिष्ट शिकण्याचं ठेवा. ‘दिवाळीपर्यंत खरेदीची बिलं संगणकावर चढवता यावीत.’ मग शिकवणार कोण, कुठल्या वेळी, तेही त्याच कागदावर मालकाच्या नावापुढे लिहा. शिकवायला वेळ नसेल तर उद्दिष्ट खोडा.

दोन पुरेत. दहा लिहिली की एकही होत नाही.

आता पैसे. पगार १४,००० धरा. वर्षभरात घरखर्च पाच टक्के वाढला असं धरलं तर ७०० रुपये नुसते जागेवर राहायला लागतात. ही महागाईची भरपाई झाली, त्यात कामाचं कौतुक काहीच नाही. गेल्या वर्षी तो मालाची यादी स्वतः काढायला शिकला, मालकाचा रोजचा तास वाचला. त्याचे ८०० धरा. एकूण १,५००, नवा पगार १५,५००.

हा आकडा न्याय्य आहे का, ते ताडून बघायला तिठ्यावरच्या इतर दुकानांत काय देतात ते विचारा. आणि उद्या नवा माणूस ठेवायचा झाला तर तो किती मागेल? नवख्याला जुन्यापेक्षा जास्त द्यावं लागत असेल, तर जुना आजवर गप्प बसला एवढंच.

परवडेल का? वर्षाचे १८,००० झाले. बारा टक्के नफ्यावर त्याला वर्षाला दीड लाखाची जादा विक्री लागते, म्हणजे रोजची चारशे-सव्वाचारशेची. आणि टोपलीतलं नुकसान महिन्याला १,५०० ने उतरलं, तर वाढ तिथेच निघाली.

पण वाढ त्या टोपलीला बांधू नका. वाढ गेल्या वर्षाच्या कामाची आहे, उद्दिष्टं पुढच्या वर्षाची. ‘आधी करून दाखव, मग देतो’ म्हटलंत की झालेलं काम फुकटात गेलं.

खरंच परवडत नसेल, तर वही उघडून दाखवा. अर्धी वाढ जुलैपासून, अर्धी जानेवारीपासून, असं तारखेनिशी लिहा. उचल घेतली असेल तर तिची कपात दुसऱ्या दिवशी बोला. एकाच बैठकीत हजार वाढवून हजार कापले, तर घरी तो काय सांगेल?

शेवटी एक पान. नवा पगार, तारीख, दोन उद्दिष्टं, मालकाने करायची कामं, दोघांच्या सह्या. एक प्रत त्याच्याकडे. पंधरा दिवसांनी सहज विचारा, ‘आपलं काय ठरलंय?’ त्याला सांगता आलं नाही, तर परत बसा. गणपती झाल्यावर दहा मिनिटं पुन्हा तोच कागद काढा, आणि पहिल्यांदा तुमचीच कामं तपासा. टेम्पोची वेळ बदलली का?

दुकानदारांनो, माल कधी संपणार हे तुम्ही आठवडाभर आधी ओळखता. माणूस कधी सोडून जाणार हे त्याने चावी ठेवल्यावर कळतं. या जूनमध्ये अर्धा तास काढा, आणि १ ऑगस्टला हातात पडणाऱ्या पगारात वाढ दिसू द्या.