चेअरमन आणि त्यांच्या मिसेस

आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या कमिटीने मला एकमताने अध्यक्ष केले. एकमत होण्याचे कारण असे की दुसरे कोणी उभेच नव्हते. तक्रार निवडीबद्दल नाही, त्यानंतरच्या कागदांबद्दल आहे. शिक्का ‘चेअरमन’ असा, पावतीवर ‘चेअरमन’, आणि नोटीस बोर्डावरच्या यादीत माझ्या नावापुढे ‘चेअरमन (महिला)’. कंस कोणी घातला ते कळले नाही, पण खजिनदारांच्या नावापुढे ‘(पुरुष)’ असे लिहिलेले नाही, हे मी दोनदा वाचून खात्री केली.

फोनही येतात. टँकर आला नाही, लिफ्ट अडकली, कोणाच्या तरी पार्किंगमध्ये कोणाची तरी गाडी. ते फोन येतात माझ्या यजमानांना, कारण लोकांच्या मते चेअरमन म्हणजे तेच. त्यांना ‘चेअरमन साहेब’ म्हणतात आणि मला ‘वहिनी’. मी सचिवांना सुचवले की शिक्क्यावर नुसते ‘अध्यक्ष’ करू या. सचिव निवृत्त अधिकारी आहेत, नियमाला पक्के. म्हणाले, “अहो वहिनी, कशाला खर्च? चेअरमनमध्ये बाई पण आलीच की.”

वाईट याचे वाटते की सचिवांचे म्हणणे कायद्याला धरून आहे. 1897च्या सर्वसाधारण वाक्यखंड अधिनियमाचे कलम 13 हेच सांगते: पुल्लिंगी शब्दांत स्त्रियाही धराव्यात. म्हणजे कायद्यात जिथे जिथे ‘तो’ आहे तिथे तिथे मी सव्वाशे वर्षांपासून बसलेली आहे, मला कोणी सांगितले नव्हते इतकेच. एक अट मात्र आहे. विषयात किंवा संदर्भात काही विरुद्ध नसेल तरच.

ही अट फार कामाची ठरली. रेजिना गुहा यांनी कायद्याची पदवी घेतली आणि वकिलीच्या सनदेसाठी अर्ज केला. वकिलांच्या 1879च्या कायद्यात योग्य ‘व्यक्तीं’ना सनद देण्याची तरतूद होती. ‘पुरुषां’ना असे तिथे लिहिलेले नव्हते, आणि जिथे सर्वनाम पुल्लिंगी होते तिथे कलम 13 हाताशी होतेच. 1916 मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने अर्ज फेटाळला. या कायद्याचा संदर्भ पाहता त्यात स्त्रिया अभिप्रेत नाहीत, असे ठरले. 1921 मध्ये पाटण्यात सुधांशुबाला हाजरा यांचा अर्जही असाच परत गेला. शेवटी 1923 मध्ये एक वेगळा कायदा करावा लागला. स्त्री असल्याच्या कारणावरून कोणाला वकिलीला अपात्र ठरवू नये, एवढेच सांगण्यासाठी. ‘बाई पण आलीच की’ या वाक्याचा हा पूर्ण इतिहास. बाई आलेली असते, पण दारात तिला संदर्भ विचारतात.

म्हणूनच पुढे कायदे लिहिणाऱ्यांनी संदर्भावर विसंबणे सोडले. आपल्या राज्यघटनेत याचा पुरावा जसाच्या तसा छापलेला आहे. मूळ इंग्रजी मजकुरात उपराष्ट्रपती हे राज्यसभेचे ‘चेअरमन’ आहेत. 1992च्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने पंचायतींचा भाग आला आणि तिथे शब्द आहे ‘चेअरपर्सन’. असे का, हे त्याच भागातल्या 243 ड या अनुच्छेदात दिसते. पंचायतींच्या प्रमुखपदांपैकी किमान एक तृतीयांश पदे स्त्रियांसाठी राखीव आहेत. ‘चेअरमनची एक तृतीयांश पदे स्त्रियांसाठी’ असे लिहायला कोणाची ना नव्हती, पण वाचणाऱ्याला हसू आले असते. तेव्हा नवा शब्द कोणाच्या भावना जपायला आला नाही. खुर्चीवर बसणारी माणसे बदलणार हे निश्चित झाले, म्हणून पाटी बदलली. परिणामी एकाच ग्रंथात दिल्लीत ‘मॅन’ आणि खेड्यात ‘पर्सन’ नांदतात, आणि या बाबतीत खेडे पुढे आहे.

अमेरिकेत हेच आगीच्या बंबावर घडले. 1964च्या नागरी हक्क कायद्याने नोकरीत लिंगभेदाला बंदी केली. तरीही पुढे काही वर्षे वर्तमानपत्रात ‘पाहिजेत: पुरुष’ आणि ‘पाहिजेत: स्त्रिया’ असे जाहिरातींचे दोन वेगळे रकाने असत. ते रकाने बेकायदा ठरवण्याचा पिट्सबर्गचा नियम सर्वोच्च न्यायालयाने 1973 मध्ये उचलून धरला. पण रकाना गेला तरी पदाचे नावच ‘फायरमन’ असेल तर ते रकान्याचेच काम चोख करते. म्हणून तिथल्या कामगार खात्याने 1970च्या दशकात पदनामांची यादी घेऊन ‘मॅन’ वेचून काढायला सुरुवात केली. फायरमन शब्दाची आणखी एक अडचण होतीच. वाफेच्या इंजिनात कोळसा घालणाराही फायरमन आणि आग विझवणाराही फायरमन. ‘फायरफायटर’ने निदान विस्तव कोणत्या बाजूला आहे ते स्पष्ट केले.

यावर हमखास विचारतात: नाव बदलून नोकरी मिळते का? नाही मिळत. न्यूयॉर्कच्या अग्निशमन दलाने 1977 मध्ये स्त्रियांना परीक्षेला बसू दिले. शारीरिक चाचणीत एकही स्त्री उत्तीर्ण झाली नाही. त्यांच्यापैकीच ब्रेंडा बर्कमन कोर्टात गेल्या. ही चाचणी प्रत्यक्ष कामाशी निगडित असल्याचे शहराला सिद्ध करता आले नाही, असा निकाल लागला, चाचणी बदलली आणि 1982 मध्ये सुमारे चाळीस स्त्रिया दलात दाखल झाल्या. दार उघडले ते खटल्याने. शब्दाने एवढेच केले की दारावर ‘आत पुरुष आहेत’ असे लिहिलेले राहिले नाही. आपल्याकडे ‘अग्निशामक’ हा शब्द मुळातच कोणाचे लिंग विचारत नाही. तरीही नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयात पहिली विद्यार्थिनी, हर्षिनी कान्हेकर, पोचायला 2002 साल उजाडले. शब्द तटस्थ होता, वसतिगृह नव्हते.

आता नव्या शब्दांची खोड. ‘चेअरपर्सन’ बनवला तो दोघांसाठी. वापरात मात्र पुरुष बसला की ‘चेअरमन’ आणि बाई बसली की ‘चेअरपर्सन’ असे सर्रास होते. म्हणजे लिंग लपवायला काढलेला शब्द लिंग जाहीर करायच्या कामाला लागला. मराठीत तर लपवायची सोयच नाही. ‘अध्यक्ष’ शब्द कितीही सरळ असो, पुढे ‘आले’ किंवा ‘आल्या’ म्हणावेच लागते. त्याबद्दल माझी तक्रार नाही. क्रियापदाने मला बाई म्हणावे, मी आहेच. तक्रार कंसाबद्दल आहे, कारण क्रियापद पुरुषालाही त्याचे लिंग विचारते आणि कंस फक्त मला.

तेव्हा कुठलेही पदनाम खरोखर तटस्थ आहे का, हे ओळखण्याची खूण सोपी आहे. ते बाईला लावतात का, हे पाहू नये. तिला काहीही लावतात. त्याच खुर्चीवर आधी बसलेल्या पुरुषाला ते लावले होते का, आणि नंतर बसणाऱ्याला लावतील का, हे पाहावे. आपल्या सोसायटीच्या, बँकेच्या, पतपेढीच्या जुन्या अहवालांची पाने वाचकांनी एकदा चाळावीत. बाईंच्या वर्षी ‘अध्यक्ष’ आणि आधी-नंतर ‘चेअरमन’ असे सापडले, तर समजावे की पाटी बदललेली नाही, फक्त पाहुणी आली म्हणून पाटीवर पडदा टाकला होता.