मुदत हुकली, साहेब

प्रति,
मा. आयकर आयुक्त (सूट)

विषय : कलम 12एबी खालील नोंदणीचे नूतनीकरण, उशीर माफ करून मिळण्याबाबत.

महोदय,

आम्ही आखाडा बाळापूरचा एक लहान न्यास. मालमत्ता म्हणाल तर पत्र्याचे शेड, दोन कढया, एक ताडपत्री आणि उन्हाळ्यात हिंगोली-नांदेड रस्त्यावर चालणारी पाणपोई.

आमच्या नोंदणीच्या आदेशावर ‘कर निर्धारण वर्ष 2022-23 ते 2026-27’ असे छापले आहे. ते वाचून खजिनदारांनी मार्च 2027 पर्यंत निवांत राहण्याचा निर्णय घेतला व तो ठराव एकमताने संमत झाला. निर्धारणाचे वर्ष उत्पन्नाच्या वर्षापाठोपाठ येते, म्हणजे नोंदणी 31 मार्च 2026 लाच संपते, हे दिवाळीनंतर सीएंकडून कळले. त्यातही अर्ज सहा महिने आधी, म्हणजे 30 सप्टेंबर 2025 पर्यंत, करायचा होता. त्या दिवसांत गावाचे लक्ष पावसाने झोडपलेल्या सोयाबीनकडे होते.

शिवाय एक नम्र निवेदन. मागच्या खेपेला जुन्या न्यासांच्या फेरनोंदणीची शेवटची तारीख 30 जून 2021 होती. मग 31 ऑगस्ट, मग 31 मार्च 2022, मग 25 नोव्हेंबर, मग 30 सप्टेंबर 2023 आणि अखेर 30 जून 2024. शेवटची तारीख ही बोलणी सुरू करण्यासाठी असते, हे वळण आम्हाला कोणी लावले, ते आम्ही लिहीत नाही.

वाजवी कारण असेल तर उशीर माफ करण्याचा अधिकार 1 ऑक्टोबर 2024 पासून आपल्याला आहे, असे सीए म्हणाले. मात्र नुसत्या पत्राने भागत नाही. पोर्टलवर फॉर्म 10एबी भरावा लागतो, नूतनीकरणाचा पोटकलम कोडही अचूक निवडावा लागतो, आणि त्या अर्जातच माफी मागावी लागते. तो भरला आहे. न्यासपत्र, धर्मादाय कार्यालयाचा नोंदणी दाखला, जुना आदेश आणि तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब जोडले आहेत.

माफी न मिळाल्यास कलम 115टीडी प्रमाणे न्यासाचे रूपांतर झाल्याचे धरून, देणी वजा जाता उरलेल्या मालमत्तेवर बाजारभावाने आणि कमाल दराने कर लागू शकतो. म्हणून ताडपत्रीचा बाजारभाव काढायला माणूस पाठवला. दुकानदाराने विचारले, “किती भोकं आहेत?” मोजणी सुरू आहे.

आणखी एक. ज्यांचे उत्पन्न मागील दोन्ही वर्षांत 5 कोटींच्या आत आहे, अशा न्यासांना आता 10 वर्षांची नोंदणी मिळते. आमचे आत आहे. बरेच आत आहे. तेवढी दिल्यास पुढच्या तारखेची आठवण ठेवण्याचे काम नव्या विश्वस्तांकडे जाईल. त्यांची नावे लावण्याचा बदल अर्ज धर्मादाय कार्यालयात 90 दिवसांत द्यायचा असतो. तो आमच्याच कपाटात आहे आणि चावी खजिनदारांकडे.

आपला विश्वासू,
सचिव (जुने)